ईसॉपचा खर्च आणि गळतीचा अंदाज

कंपनी आज कर्मचाऱ्यांना ईसॉप देते, पण ते त्यांच्या हक्काचे होतात तीन-चार वर्षांनी. मधल्या काळात काही जण नोकरी सोडतात आणि त्यांचे ऑप्शन बाद होतात. मग दरवर्षी नफा-तोटा पत्रकात किती खर्च दाखवायचा? सगळे टिकतील असे धरून, काही जातील असा अंदाज बांधून, की जो जाईल त्याचा हिशेब तो गेल्यावर करून? गेल्या तीस वर्षांत लेखामानके ठरवणाऱ्या मंडळांनी याची वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. आजही भारतातील आणि अमेरिकेतील नियम या मुद्द्यावर सारखे नाहीत. हा वाद आज कुठे उभा आहे, याचा हा आढावा.

पार्श्वभूमी: खर्च आहे की नाही?

गळतीचा प्रश्न उभा राहण्याआधी ईसॉप हा मुळात खर्च आहे का, यावरच मोठा वाद झाला. अमेरिकेत १९७२ सालच्या एपीबी ओपिनियन २५ नुसार, ऑप्शन दिल्याच्या दिवशीचा बाजारभाव आणि कर्मचाऱ्याने मोजायची किंमत यांतला फरक एवढाच खर्च मानला जाई. ही किंमत बाजारभावाइतकीच ठेवली की फरक शून्य आणि खर्चही शून्य. साहजिकच बहुतेक कंपन्या ती तशीच ठेवत.

अमेरिकेच्या एफएएसबी या मंडळाने १९९३ मध्ये ऑप्शनचे वाजवी मूल्य काढून ते खर्चात धरण्याचा मसुदा आणला. तंत्रज्ञान कंपन्यांनी त्याला कडाडून विरोध केला. ऑप्शन देताना कंपनीच्या तिजोरीतून पैसा जात नाही, भागधारकांचा वाटा कमी होतो तो प्रति शेअर मिळकतीच्या हिशेबात आधीच दिसतो, आणि बाजारात न विकल्या जाणाऱ्या ऑप्शनचे मूल्य खात्रीने काढता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मे १९९४ मध्ये अमेरिकी सेनेटने ८८ विरुद्ध ९ मतांनी मसुद्याविरुद्ध ठराव केला आणि मंडळाने माघार घेतली. १९९५ च्या मानक १२३ मध्ये वाजवी मूल्याची केवळ शिफारस उरली. ती न पाळणाऱ्या कंपन्यांना तो आकडा टिपांमध्ये दिला की पुरे होते.

दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद साधा होता. कर्मचारी ऑप्शनच्या बदल्यात काम देतो. तेच ऑप्शन कंपनीने बाहेर विकले असते तर पैसे मिळाले असते, म्हणजे मोबदला दिलाच गेला आहे. वॉरन बफे अनेक वर्षे हेच सांगत होते. २००३ मध्ये बोडी, कॅप्लन आणि मर्टन यांनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये हीच बाजू सविस्तर मांडली. एन्रॉन आणि वर्ल्डकॉमनंतर वारे फिरले. २००२ च्या जुलैत कोका-कोलाने ऑप्शन स्वेच्छेने खर्चात धरण्याचे जाहीर केले. फेब्रुवारी २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक आयएफआरएस २ आले आणि त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेचे सुधारित मानक १२३ आर. खर्च दाखवायचा हे तिथे ठरले.

भारतात सेबीने १९९९ मध्ये ईसॉपची मार्गदर्शक तत्त्वे आणली. सनदी लेखापालांच्या संस्थेच्या २००५ च्या टिपणात जुनी फरकाची पद्धतही चालत असे. २०१६ पासून टप्प्याटप्प्याने इंड एएस लागू झाले आणि मोठ्या कंपन्यांसाठी इंड एएस १०२ आले. ते आयएफआरएस २ वरच बेतलेले आहे. तेव्हापासून त्यांच्यापुरता वाजवी मूल्याला पर्याय उरलेला नाही.

नियमाचा गाभा: भाव गोठतो, संख्या बदलते

आजच्या नियमात खर्चाचे दोन घटक आहेत आणि त्यांना वेगळी वागणूक मिळते. पहिला घटक एका ऑप्शनचे मूल्य. ते ऑप्शन दिल्याच्या तारखेला, बहुधा ब्लॅक-शोल्स किंवा तशाच पद्धतीने, एकदाच काढतात. पुढे शेअर चढो की कोसळो, हा आकडा बदलत नाही. कर्मचारी सोडून जाण्याची शक्यता या मूल्यात धरायची नसते.

दुसरा घटक संख्या, म्हणजे शेवटी किती ऑप्शन व्हेस्ट होतील. नोकरीत टिकण्याची अट पूर्ण होईल की नाही याचा परिणाम इथे येतो. दर ताळेबंदाच्या तारखेला संख्येचा अंदाज नव्याने घ्यायचा, त्यावर आजवरचा एकूण खर्च काढायचा, त्यातून आधी दाखवलेला खर्च वजा करायचा. उरतो तो या वर्षीचा खर्च. तो कर्मचारी खर्चाला नावे पडतो आणि भागभांडवलाखालच्या 'शेअर ऑप्शन्स आउटस्टँडिंग' खात्यात जमा होतो. व्हेस्टिंगच्या दिवशी अंदाज संपतो आणि प्रत्यक्ष संख्या येते.

कर्मचाऱ्याने स्वतः राजीनामा दिला की कंपनीने त्याला काढले, याने फरक पडत नाही. कारण काहीही असो, नोकरी मध्येच संपली तर अट पूर्ण झाली नाही असेच धरायचे, असे मानकाच्या व्याख्येतच नंतर स्पष्ट करण्यात आले. मात्र कंपनीने माणूस नोकरीत असतानाच योजना रद्द केली तर ती गळती नव्हे. तिथे उरलेला खर्च मागे घ्यायचा नसतो, उलट लगेच दाखवायचा असतो.

तीन भूमिका

हा नियम एकमताने आलेला नाही. गळतीचे काय करायचे यावर तीन स्पष्ट भूमिका आहेत.

पहिली भूमिका सेवेच्या एककांची. २००२ च्या नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय मंडळाने काढलेल्या मसुद्यात ती होती. तिचा पाया असा, की कंपनीला मिळते ती सेवा. दोन वर्षे काम करून एखादा गेला तर त्याचे ऑप्शन बाद होतात, पण त्याने दोन वर्षे केलेले काम कंपनीला मिळालेलेच असते. मग त्या कामाचा खर्च मागे का घ्यायचा? या पद्धतीत गळतीची शक्यता सुरुवातीलाच मूल्यात धरतात, अपेक्षित मनुष्यवर्षांनी भागून दर मनुष्यवर्षाचा भाव काढतात आणि जेवढी सेवा मिळेल तेवढा खर्च दाखवतात. शेवटी प्रत्यक्ष संख्येशी जुळवणी करत नाहीत. ही पद्धत किचकट आहे आणि अमेरिकेतल्या पद्धतीपासून दूर जाते, असे आक्षेप आले. अंतिम मानकात ती राहिली नाही.

दुसरी भूमिका अंदाज आणि जुळवणीची. आज आयएफआरएस २ आणि इंड एएस १०२ मध्ये हीच एकमेव पद्धत आहे. जे ऑप्शन कधीच कोणाच्या हक्काचे होणार नाहीत त्यांचा खर्च आधी दाखवून मग उलटवायचा, याने सुरुवातीच्या वर्षांचा नफा उगाच कमी दिसतो, असे तिच्या समर्थकांना वाटते. व्यवस्थापनाला गळतीचा अनुभव असतो, तो वापरावा.

तिसरी भूमिका जो जाईल त्याचा हिशेब तेव्हा करण्याची. १९९५ च्या अमेरिकी मानकात हा पर्याय होता, २००४ मध्ये तो काढला आणि मार्च २०१६ च्या सुधारणेने पुन्हा दिला. कंपनीने संपूर्ण संस्थेसाठी एकच धोरण निवडायचे असते. हा पर्याय फक्त नोकरीत टिकण्याच्या अटीपुरता आहे. नफ्याचे किंवा विक्रीचे लक्ष्य गाठण्याची अट असेल तर तिच्या शक्यतेचा अंदाज घ्यावाच लागतो. समर्थकांचे म्हणणे असे, की अंदाज बांधणे, तो दर तिमाहीत तपासणे आणि लेखापरीक्षकाला पटवणे यात बराच खर्च होतो आणि शेवटी एकूण आकडा तोच येतो.

एक उदाहरण, तीन हिशेब

काल्पनिक कंपनी घेऊ. १०० कर्मचाऱ्यांना प्रत्येकी १,००० ऑप्शन दिले. एका ऑप्शनचे वाजवी मूल्य १२० रुपये. तीन वर्षे नोकरीत राहिल्यास सगळे ऑप्शन एकदम व्हेस्ट होतात. कोणीच गेले नाही तर खर्च १ कोटी २० लाख, म्हणजे वर्षाला ४० लाख.

ऑप्शन देताना कंपनीचा अंदाज तीन वर्षांत २० जण जातील असा आहे. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी ८ जण जातात आणि कंपनी अंदाज बदलत नाही. दुसऱ्या वर्षी आणखी १२ जातात, तेव्हा घाबरून ती एकूण अंदाज ३० वर नेते. तिसऱ्या वर्षी मात्र ६ च जातात. शेवटी ७४ जण उरतात.

अंदाज-जुळवणी पद्धतीत पहिल्या वर्षी ८०,००० ऑप्शन गुणिले १२०, म्हणजे ९६ लाखांचा एक तृतीयांश: ३२ लाख. दुसऱ्या वर्षअखेर अपेक्षित ऑप्शन ७०,०००, एकूण ८४ लाख, त्यांचे दोन तृतीयांश ५६ लाख. आधीचे ३२ वजा जाता २४ लाख. तिसऱ्या वर्षी ७४,००० ऑप्शनचे ८८.८० लाख, त्यातून ५६ वजा जाता ३२.८० लाख.

प्रत्यक्ष गळतीच्या पद्धतीत पहिल्या वर्षअखेर ९२ जण आहेत. त्यांच्या १ कोटी १० लाख ४० हजारांचा एक तृतीयांश ३६.८० लाख. दुसऱ्या वर्षअखेर ८० जणांच्या ९६ लाखांचे दोन तृतीयांश ६४ लाख, म्हणजे त्या वर्षी २७.२० लाख. तिसऱ्या वर्षी उरलेले २४.८० लाख.

सेवेच्या एककांसाठी २० जण सरासरी दीड वर्ष काम करून जातील असे धरू. अपेक्षित मनुष्यवर्षे २४० अधिक ३०, म्हणजे २७०. सुरुवातीचे अपेक्षित मूल्य ९६ लाख. दर मनुष्यवर्षाला साधारण ३५,५५६ रुपये. प्रत्येक जण त्या वर्षाच्या मध्याला गेला असे मानल्यास प्रत्यक्ष सेवा ९६, ८६ आणि ७७ मनुष्यवर्षे मिळते.

| वर्ष | अंदाज-जुळवणी | प्रत्यक्ष गळती | सेवेची एकके |
|---|---|---|---|
| पहिले | ३२.०० | ३६.८० | ३४.१३ |
| दुसरे | २४.०० | २७.२० | ३०.५८ |
| तिसरे | ३२.८० | २४.८० | २७.३८ |
| एकूण (लाख रु.) | ८८.८० | ८८.८० | ९२.०९ |

तक्त्यातून दोन गोष्टी दिसतात. पहिल्या दोन पद्धतींचा एकूण खर्च सारखाच आहे, वाद फक्त कोणत्या वर्षी किती याचा आहे. बेरीज वेगळी येते ती एकट्या सेवेच्या एककांची, कारण ती गेलेल्यांच्या कामालाही किंमत देते. दुसरी गोष्ट अंदाजाबद्दलची. अंदाज अचूक असता तर दरवर्षी २९.६० लाख आले असते. पण दुसऱ्या वर्षीच्या चुकीच्या सुधारणेने खर्च आधी खाली ओढला आणि मग वर उसळवला. अंदाजाने खर्चाचा ओघ सपाट होतो, ही समजूत अंदाज चांगला असेल तेव्हाच खरी ठरते.

जिथे हिशेब चुकतो

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे वर्षाचा दर आणि पूर्ण मुदतीचा दर यांची गल्लत. वर्षाला १० टक्के गळती असेल तर तीन वर्षांनी ७२.९ टक्के लोक उरतात. ९० टक्के धरले तर खर्च बराच फुगतो आणि शेवटच्या वर्षी मोठी उलट नोंद करावी लागते. शेवटच्या वर्षी दरवेळी एकाच दिशेने मोठी जुळवणी येत असेल, तर दर चुकीचा आहे असे समजावे.

टप्प्याटप्प्याने व्हेस्ट होणाऱ्या योजनेत ही चूक आणखी वाढते. चार वर्षांत दरवर्षी २५ टक्के, ही आपल्याकडे नेहमीची रचना. आयएफआरएस २ आणि इंड एएस १०२ मध्ये प्रत्येक टप्पा स्वतंत्र ऑप्शन मानतात. १,००० ऑप्शनचे २५० चे चार टप्पे आणि वर्षाला १० टक्के गळती असेल तर टप्प्यांनुसार ९०, ८१, ७२.९ आणि ६५.६ टक्के ऑप्शन व्हेस्ट होतील, मिळून सुमारे ७७४. सगळ्या टप्प्यांना एकच १० टक्के लावले तर ९०० येतात, चार वर्षांचा दर सगळ्यांना लावला तर ६५६. दोन्ही चूक.

टप्पे स्वतंत्र धरल्याने खर्चही पुढच्या वर्षांतून मागच्या वर्षांकडे सरकतो. पहिल्या वर्षी पहिल्या टप्प्याचा पूर्ण, दुसऱ्याचा अर्धा, तिसऱ्याचा एक तृतीयांश आणि चौथ्याचा एक चतुर्थांश खर्च येतो. गळती बाजूला ठेवली आणि सर्व टप्प्यांचे मूल्य सारखे धरले तर पहिल्याच वर्षी सुमारे ५२ टक्के खर्च होतो आणि चौथ्या वर्षाला जेमतेम ६ टक्के उरतात. अमेरिकेत केवळ नोकरीची अट असेल तर चार वर्षांत सम प्रमाणात वाटण्याची मुभा आहे. मात्र जेवढे ऑप्शन व्हेस्ट झाले तेवढ्यांचा खर्च तोवर दिसलाच पाहिजे.

तिसरी चूक व्हेस्टिंगनंतरची. ऑप्शन हक्काचा झाला, पण शेअर पडल्यामुळे कर्मचाऱ्याने तो वापरला नाही आणि मुदत संपली. ही गळती नव्हे. दाखवलेला खर्च परत घेता येत नाही, फक्त ती रक्कम भागभांडवलातल्या एका राखीव खात्यातून दुसऱ्यात नेता येते. वार्षिक अहवालाच्या टिपेत बाद झालेले आणि मुदत संपलेले ऑप्शन एकाच ओळीत असतील तर बाहेरच्या वाचकाला गळतीचा खरा दर काढताच येत नाही.

चौथी अडचण माणसे मोजण्याची. गळती डोक्यांनी मोजली आणि ऑप्शन मात्र थोड्या वरिष्ठांकडे असले तर दर फसवा ठरतो. २०,००० ऑप्शन असलेली एक अधिकारी तीन वर्षांच्या मुदतीत चौतिसाव्या महिन्यात गेली असे समजा. प्रत्यक्ष गळतीच्या पद्धतीत तेहेतिसाव्या महिन्यापर्यंत, १२० रुपये मूल्याने, तिच्यापोटी २२ लाख रुपये खर्चात गेलेले असतात आणि ते एकाच तिमाहीत उलटतात. म्हणून अंदाज बांधताना वरिष्ठ, मधले आणि नवे असे गट वेगळे करतात आणि दर ऑप्शनच्या संख्येवर काढतात.

कर: वेगळा हिशेब

बंगळुरूच्या बायोकॉनच्या प्रकरणात आयकर अपील न्यायाधिकरणाच्या विशेष खंडपीठाने २०१३ मध्ये ईसॉपवरची सवलत हा कर्मचारी खर्च मानला आणि तो व्हेस्टिंगच्या काळात वाटून वजावटीस पात्र ठरवला. २०२० मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानेही कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. पण विशेष खंडपीठाच्या हिशेबात व्हेस्ट न झालेल्या आणि नंतर मुदत संपलेल्या, दोन्ही ऑप्शनची वजावट परत घ्यायची आहे, आणि ऑप्शन वापरल्याच्या दिवशीच्या बाजारभावाशी पुन्हा जुळवणी करायची आहे. इंड एएस १०२ यातले फक्त पहिले करायला सांगते. त्यामुळे गळतीचा अंदाज पुस्तकांत बरोबर असला तरी कराच्या हिशेबासाठी ऑप्शनच्या प्रत्येक टप्प्याची वेगळी नोंद ठेवावी लागते.

काय सुटलेले नाही

पहिला खुला प्रश्न अंदाजाच्या आधाराचा. दोन-तीन वर्षांच्या स्टार्टअपकडे गळतीचा इतिहासच नसतो. उद्योगाची सरासरी घ्यावी तर पहिल्या व्हेस्टिंगच्या आधी आणि नंतर लोक सोडून जाण्याची वागणूक निराळी असते, आणि सरासरीत ते दिसत नाही. अशा कंपनीसाठी प्रत्यक्ष गळतीची पद्धत जास्त प्रामाणिक आहे, असे तिच्या समर्थकांना वाटते. भारतात इंड एएस पाळणाऱ्या कंपनीला तो मार्ग बंद आहे.

दुसरा प्रश्न व्यवस्थापनाच्या हातातल्या सैल दोरीचा. अंदाज दर ताळेबंदाला बदलता येतो, म्हणजे वाईट वर्षी गळती थोडी जास्त धरून नफा वर ओढता येतो. पुढे जुळवणी होतेच हे खरे, पण ज्या वर्षी कंपनी शेअर बाजारात उतरते त्या वर्षाचा नफा पुढच्या जुळवणीची वाट पाहत नाही. विरुद्ध बाजू म्हणते की घसारा आणि बुडीत कर्जेही अंदाजावरच चालतात, मग इथेच अविश्वास का?

तिसरा प्रश्न मुळाशी जातो. गेलेल्या कर्मचाऱ्याने दिलेल्या सेवेचे काय? आजच्या दोन्ही चालू पद्धती ती शून्य मानतात. २००२ चा मसुदा ती मोजत होता. तो मसुदा मागे पडला खरा, पण ते कारण व्यवहाराचे होते. प्रश्नाचे तात्त्विक उत्तर त्याने दिलेले नाही.

आजची स्थिती अशी: खर्च दाखवायचा, देण्याच्या तारखेच्या मूल्यावर दाखवायचा आणि व्हेस्टिंगच्या काळात वाटायचा, यावर एकवाक्यता आहे. गळती अंदाजाने धरायची की घडल्यावर, यावर नाही. त्यामुळे अमेरिकेतील आणि भारतातील दोन कंपन्यांची तुलना करताना वाचकाने तीन गोष्टी आधी पाहाव्यात: गळतीचे धोरण कोणते, टप्पे स्वतंत्र धरले की खर्च सम प्रमाणात वाटला, आणि व्हेस्टिंगआधी बाद झालेल्या ऑप्शनचा आकडा वेगळा दिला आहे का. हे तीन माहीत नसतील तर दोघांचा एका वर्षाचा ईसॉप खर्च शेजारी ठेवून काहीही सिद्ध होत नाही. अनेक वर्षांची बेरीज मात्र तेव्हाही बरेच सांगते.